बाप गेला, आई ठणठणीत: मग कोलेस्टेरॉल कुणाच्या घराण्यातून शोधायचं?

खानापूर तालुक्यातलं एक घर उदाहरणासाठी घेऊ. घर कल्पनेतलं आहे, पण त्यातली नाती, आकडे आणि चुका रोजच्या पाहण्यातल्या. महादेव, वय ४१, टेम्पो चालवतो. अंगानं सडपातळ, शुगर नाही, बीपी नाही. एके दिवशी छातीत कळ आली, बेळगावला नेलं, स्टेंट बसला, चार दिवसांत घरी आला. कागदावर गोळ्यांची यादी आणि खाली एक ओळ: तेलकट खाऊ नये.

सहा आठवड्यांनी रक्त तपासलं. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो ते, १४२ आलं. लॅबच्या कागदावर तेवढ्या आकड्याला 'सीमेवर' असं लिहितात. घरच्यांना हायसं वाटलं. त्याची आई म्हणाली, "कोलेस्टेरॉल फार नाही म्हणतात, खरं टेन्शन घेतोय जरा."

चूक इथेच झाली, आणि ती आईची नव्हे. तो १४२ हा आकडा अॅटॉरव्हास्टॅटिनच्या ८० मिलिग्रॅमच्या गोळीवर असताना आलेला आहे. ही गोळी पूर्ण ताकदीनं घेतली की एलडीएल साधारण निम्मं होतं. म्हणजे गोळीआधीचा अंदाज काढायचा तर १४२ची दुप्पट करायला हवी: २८४. तो आकडा सीमेवरचा नाही, फार वरचा आहे. अॅटॅक आल्यावर पहिल्या चोवीस तासांत रक्त घेतलं असतं तर खरा आकडा तेव्हाच दिसला असता. त्यानंतर शरीराच्या धक्क्यामुळे एलडीएल काही आठवडे आपोआपच खाली येतं, आणि वर गोळीही चालू झालेली असते.

अशा वेळी सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे जुना कागद. विम्यासाठी, नोकरीसाठी किंवा गावातल्या शिबिरात कधी रक्त दिलं होतं का, ते शोधायचं. महादेवच्या कपाटात दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट निघाला. एकूण कोलेस्टेरॉल ३७०, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल ४०, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी १६०. एलडीएल छापलेलं नव्हतं, पण ते काढता येतं: एकुणातून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. ३७० वजा ४० वजा ३२, म्हणजे २९८. दुपटीचा अंदाज आणि जुना कागद एकमेकांशी जुळले. (ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल तर हे गणित चालत नाही, तेव्हा एलडीएल थेट मोजून घ्यावं लागतं.)

आहारामुळे हा आकडा सहसा इतका वर जात नाही. थायरॉइड मंद असेल, लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा पित्ताचा मार्ग अडला असेल तर एलडीएल असं चढू शकतं, म्हणून या तीन गोष्टी आधी तपासून बाजूला काढायच्या. महादेवच्या तिन्ही तपासण्या ठीक आल्या. मग उरतं ते रक्ताच्या नात्यातून आलेलं, आनुवंशिक कोलेस्टेरॉल. डॉक्टर त्याला एफएच म्हणतात, पूर्ण नाव फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया. अडीचशे ते तीनशे माणसांत एकाला ते असतं. म्हणजे दोन-अडीच हजार वस्तीच्या गावात आठ-दहा माणसं, आणि तीही बहुधा दोन-तीन घराण्यांत एकवटलेली.

आत काय बिघडलेलं असतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं काम यकृत करतं. यकृताच्या पेशींवर त्यासाठी खास ग्राहक रेणू असतात आणि ते बनवायची सूचना जनुकाच्या दोन प्रतींत असते, एक आईची, एक बापाची. पाण्याच्या टाकीला खाली दोन तोट्या आहेत असं समजा. वरून येणारं पाणी तेवढंच आहे, पण एक तोटी जन्मापासून बंद. टाकीतली पातळी साधारण दुप्पट होऊन बसते. एफएचमध्ये हेच होतं, आणि ते चाळिशीत सुरू होत नाही, पाळण्यात असल्यापासून चालू असतं. महादेवच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांनी ४१ वर्षं दुप्पट एलडीएल सोसलं आहे. अॅटॉरव्हास्टॅटिनसारखी स्टॅटिनची गोळी उरलेली चांगली तोटी जास्त उघडते, म्हणून ती एफएचमध्येही उत्तम चालते. आईकडून आणि बापाकडून दोन्ही बिघडलेल्या प्रती आल्या तर मात्र उघडायला तोटीच उरत नाही. अशा मुलांचं एलडीएल ४००-५००च्या वर जातं, शाळेच्या वयातच गुडघ्यावर, कोपरावर, बोटांच्या बेचक्यात पिवळट गाठी येतात आणि हृदयविकार विशीच्या आत गाठू शकतो. हा प्रकार अगदी विरळा, पण आपल्या भागात तो लक्षात ठेवायला एक कारण आहे. त्याकडे पुढे येतोच.

महादेवचं निदान पक्कं कसं करायचं? जगभर वापरली जाणारी नेदरलँड्सच्या डॉक्टरांची एक गुणपद्धती आहे, त्यात जनुक तपासल्याशिवायही बरंच कळतं. गोळीआधीचं एलडीएल २५० ते ३२९च्या दरम्यान, त्याचे ५ गुण. पुरुषाला पंचावन्नच्या आत हृदयविकार, त्याचे २. जवळच्या नात्यात तसंच कुणाला झालेलं असेल तर १, आणि महादेवचे वडील ४६व्या वर्षी शेतात पडून गेले होते. झाले ८. एवढ्यावर एफएच 'बहुधा आहे' असं म्हणतात. आठच्या वर गेलं की 'नक्की'.

नववा गुण कुठून आणायचा, तर टाचेवरून. टाचेच्या मागे जी जाड शीर पोटरीकडे जाते, वैद्यकात जिला कंडरा म्हणतात, ती दोन बोटांत धरून पाहायची. एरवी ती कडक, सडसडीत आणि दोन्ही बाजूंना सारखी लागते. एफएचमध्ये तिच्यात कोलेस्टेरॉल साठून ती जाड आणि गाठाळ होते, आणि पाऊल वर-खाली केलं की गाठ शिरेबरोबर हलते. चपलेनं घट्टा पडला असेल म्हणून वर्षानुवर्षं त्याकडे कुणी बघत नाही. महादेवच्या दोन्ही टाचांना ती होती. त्याचे ६ गुण, एकूण १४. शंका उरली नाही. डोळ्याच्या बुबुळाभोवतीची पांढरट कडा मात्र फक्त ४५च्या आतल्या माणसात मोजायची, कारण म्हातारपणी ती अनेकांना येते. आणि पापण्यांवरचे पिवळे चट्टे या गुणपद्धतीत धरतच नाहीत, कारण ते कोलेस्टेरॉल चांगलं असलेल्यांनाही येतात.

इथपर्यंत आलं की महादेव हा रुग्ण कमी आणि दुवा जास्त होतो. त्याच्या सख्ख्या नात्यातल्या प्रत्येकाला, म्हणजे आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं यांना, ही बिघडलेली प्रत असण्याची शक्यता दोनात एक. काका, आत्या, पुतणे, भाचे यांना चारात एक. माणूस मिळाला की त्याच्या सख्ख्यांकडे जायचं, त्यांच्यात कुणी सापडला की त्याच्या सख्ख्यांकडे. साखळीनं असं शोधत जाण्याला नेदरलँड्सनं १९९४ ते २०१३ या काळात सरकारी कार्यक्रमाचं रूप दिलं होतं. आपल्याकडे तो घरानंच चालवावा लागतो.

सुरुवात कागदावर घराण्याचं झाड काढून करायची, तीन पिढ्यांचं. प्रत्येक नावाखाली वय, हृदयाचा त्रास झाला का, गेले असतील तर कितव्या वर्षी आणि कसे. 'हृदयविकारानं गेले' असं कुणी सांगत नाही. 'झोपेतच गेले', 'बांधावर बसले ते उठलेच नाहीत', 'पोटात गॅस झाला म्हणून दवाखान्यात नेताना वाटेत', अशी उत्तरं येतात, आणि ती सगळी लिहून घ्यायची. वय कुणाला आठवत नसेल तर थोरल्या मुलाचं लग्न तेव्हा झालं होतं का, धाकटी कितवीत होती, असं विचारलं की दोन-चार वर्षांच्या फरकानं वय सापडतं.

पहिली तपासणी आईची. ती ६६ वर्षांची आहे, आणि तिचं एलडीएल गोळीशिवाय ११८ आलं. म्हणजे बंद तोटी बापाकडून आली, जरी बाप तपासायला उरला नसला तरी. शोधाची दिशा आता ठरली: वडिलांची भावंडं. वडिलांचा धाकटा भाऊ, महादेवचा काका, निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला आहे. वय ५२, अंगावर मांस नाही, दिवसाला विड्यांचा कट्टा संपतो, छातीत कधी दुखलेलं नाही. त्याचं एलडीएल २६२. आत्या ६१ वर्षांची, एलडीएल २४१, तिलाही काही त्रास नाही.

या दोघांवर थोडं थांबायला हवं. एकच बिघाड असून भाऊ ४६व्या वर्षी जातो आणि बहीण ६१व्या वर्षी भाकरी थापत असते. उपचाराविना एफएच असलेल्या पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत आणि बायकांपैकी तिसऱ्या हिश्श्याला साठीपर्यंत हृदयविकार गाठतो, असा जुना अंदाज आहे. याचाच अर्थ बाकीच्यांना तो तोवर गाठत नाही. पण 'आत्याला काही झालं नाही, मग आमच्यात नसेलच' असं म्हणून तिच्या बाजूची शाखा सोडली, तर तिची मुलं हातातून जातात. काका वाचला आहे तो विडी असूनही, आणि माझ्या मते या सगळ्या झाडात सगळ्यात तातडीचा माणूस तोच. त्याला आज गोळी चालू झाली आणि विडी सुटली तर अजून बरंच थोपवता येतं.

आता भावंडं आणि मुलं. नातेवाइकांना मोजताना वेगळी पट्टी लागते, कारण त्यांच्या बाबतीत शक्यता आधीच दोनात एक असते. विशीच्या आतल्या सामान्य मुलाचं एलडीएल २००च्या वर गेलं तर एफएच म्हणतात, पण एफएच सापडलेल्या माणसाच्या सख्ख्या नात्यातल्या मुलाला १५५ पुरतं. तिशी ते चाळिशीच्या सख्ख्या नात्यासाठी पट्टी १९०, चाळिशीनंतर २०५. महादेवची बहीण ३८ वर्षांची, चंदगडला दिलेली, तिचं २१८. भाऊ ३६चा, गोव्यात हॉटेलात आहे, त्याचं १२६. मुलगी तेरा वर्षांची, १९६. मुलगा नऊ वर्षांचा, ९२. मुलांचं एलडीएल वयात येताना दहा-वीस टक्क्यांनी उतरतं, म्हणून शक्य तर नऊ-दहाव्या वर्षीच पाहावं आणि एका आकड्यावर न थांबता पुन्हा एकदा मोजावं. मुलीचं वयात येतानाही १९६ आलं, तेव्हा तिच्याबद्दल शंका नाही. कुणाचा आकडा त्याच्या पट्टीच्या आसपासच लटकला तर जनुक तपासणीनं निकाल लागतो. तीही आधी महादेवची करायची. त्याच्यात नेमका कोणता बदल आहे ते सापडलं की बाकीच्यांत तेवढीच एक जागा तपासतात, आणि ते स्वस्त पडतं. महादेवच्या जनुकात बदल सापडला नाही तर मात्र एफएच नाही असं ठरत नाही, बऱ्याच पक्क्या रुग्णांत तो सापडत नाही. तेव्हा एलडीएलच्या आकड्यावरच साखळी पुढे न्यायची.

इथवर आई सुटली आणि धाकटा भाऊ सुटला, असं दिसतं. या टप्प्यावर बहुतेक घरं थांबतात. थांबायचं नाही, कारण महादेवच्या रक्तात आणखी एक तपासणी व्हायची राहिली आहे.

लायपोप्रोटीन ए, किंवा डॉक्टरांच्या तोंडी एलपी-ए, हा एलडीएलसारखाच एक कण आहे, त्याला एक जादा प्रथिनाची शेपटी चिकटलेली असते. १९६३ साली नॉर्वेचे कोरे बर्ग यांनी तो शोधला. रक्तवाहिन्यांत तो एलडीएलप्रमाणेच साचतो, शिवाय हृदयाच्या महाधमनीच्या झडपेवर चुना धरून ती अरुंद करतो. पाचात एका माणसात तो जास्त असतो, आणि दक्षिण आशियाई लोकांत प्रमाण थोडं वरच. त्याची पातळी नव्वद टक्के जनुकांनी ठरते, पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत ती मोठ्यांइतकी होते आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ तिथेच राहते. तेल कमी केलं, चालायला लागलं, उपास केले, तरी ती हलत नाही. म्हणूनच ती वारंवार मोजायची गरज नाही. प्रत्येक प्रौढ माणसानं एकदा मोजून घ्यावी, असं आता युरोपातल्या आणि भारतातल्या लिपिडतज्ज्ञांचंही म्हणणं आहे. एफएच असलेल्यात, लवकर हृदयविकार आलेल्यात आणि त्यांच्या सख्ख्या नात्यात ती आधी मोजावी.

महादेवचं एलपी-ए १६८ नॅनोमोल प्रति लिटर आलं. १२५च्या वर ते जास्त धरतात, ७५च्या खाली चिंता नाही. काही लॅब मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि तिथली रेघ ५०ची आहे. यात एक फसगत होते. या दोन एककांत पक्कं भाषांतर नाही, कारण त्या शेपटीची लांबी माणसागणिक वेगळी असते आणि नॅनोमोलमध्ये कण मोजतात, मिलिग्रॅममध्ये वजन. बेळगावच्या लॅबनं नॅनोमोलमध्ये ६० दिलं आणि कोल्हापूरच्या लॅबनं मिलिग्रॅममध्ये ६० दिलं, तर पहिला निर्धास्त आहे आणि दुसरा धोक्यात. रिपोर्टवर आकड्यापुढे काय छापलंय ते वाचल्याशिवाय दोन भावंडांची तुलना करू नये. घरातल्या सगळ्यांनी शक्यतो एकाच लॅबमध्ये, नॅनोमोलमध्ये करून घ्यावं.

आता त्या घरातल्या बाकीच्यांचं पाहा. आईचं एलपी-ए १९०. म्हणजे हे जादा एलपी-ए आईकडून आलं. एफएच बापाच्या घराण्यातून, एलपी-ए आईच्या माहेरातून. दोन्हींचे जनुक वेगळ्या गुणसूत्रांवर असतात, म्हणून पुढच्या पिढीत त्यांची वाटणी एकमेकांवर अवलंबून नसते. गोव्यातल्या भावाचं एलडीएल १२६ असलं तरी एलपी-ए १७५ निघालं. बहिणीचं एफएच आहे पण एलपी-ए अवघं १८. मुलाला दोन्ही नाही. तेरा वर्षांच्या मुलीला दोन्ही आहे, एलडीएल १९६ आणि एलपी-ए १६०, आणि दोन्ही एकत्र असलं की धोका एकट्या एफएचपेक्षा बराच वाढतो. उदाहरणात मी चारही जोड्या मुद्दाम मांडल्या आहेत, पण एवढ्या आकाराच्या घरात त्या खरोखर निघू शकतात. फक्त एलडीएल तपासलं असतं तर भाऊ आणि आई निर्धास्त घरी गेले असते.

तेव्हा झाड दुसऱ्या बाजूनंही चढायचं. मामा आणि मावशी यांना एफएचसाठी बोलवायची गरज नाही, एलपी-एसाठी आहे. गडहिंग्लजचे मामा ५८ वर्षांचे, गेलं वर्षभर जिना चढताना धाप लागते म्हणतात. एलपी-ए जास्त निघालं आणि छातीला नळी लावल्यावर फुरफुर ऐकू आली, तर त्यांना इको करून घ्यायला लगेच पाठवायचं, झडप अरुंद झाली आहे का ते पाहायला. आईलाही एकदा इको. हे सांगताना घरात गोंधळ उडतो, कारण 'कोलेस्टेरॉल बापाकडचं' हे एकदा ठरलं की मामाला का बोलावता, असा प्रश्न येतो. एकाच झाडाच्या कागदावर दोन रंगांच्या शाई वापरल्या की तो प्रश्न सुटतो. वडिलांच्या बाजूचा एक रंग, आईच्या बाजूचा दुसरा.

आता ते राहिलेलं कारण. आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानायची चाल सीमेच्या दोन्ही बाजूंना अजून आहे. महादेवची बहीण चंदगडला दिली ती याच रीतीनं, आत्याच्या थोरल्या मुलाला. आता झाड बघा. आत्याला एफएच आहे, बहिणीला आहे, दोघींना ते एकाच आजोबा-आजीकडून आलेलं. आत्याच्या मुलाला ते असण्याची शक्यता दोनात एक. त्यालाही असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन्ही तोट्या बंद असण्याची शक्यता चारात एक. म्हणून साखळीत पुढचं बोलावणं पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाला नव्हे, या जावयाला. उदाहरणातल्या या घरात त्याचं एलडीएल १०८ आलं, प्रश्न मिटला. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला आता आईकडून एफएच येण्याची नेहमीची दोनात एक शक्यता आहे, त्यापलीकडे काही नाही. जावयाचं २०० आलं असतं, तर मुलाचं एलडीएल त्याच आठवड्यात बघायचं आणि आकडा ४००च्या वर गेला तर थेट मोठ्या शहरातल्या लिपिड किंवा हृदयरोग तज्ज्ञाकडे न्यायचं, कारण अशा मुलांना लहानपणीच एकाहून जास्त औषधं आणि कधी रक्तातलं एलडीएल यंत्रानं गाळून काढायचे उपचार लागतात. नात्यात लग्न केलेल्या जोडप्यात एकाला एफएच सापडलं की दुसऱ्याला तपासायला उशीर लावू नये.

नातेवाइकांना कळवायचं कुणी? डॉक्टर स्वतःहून काकाला फोन करत नाहीत, करूही नये. महादेवच्या आजाराची माहिती महादेवची आहे. त्याच्या संमतीनं डॉक्टर एक पत्र देतात आणि ते तो पोचवतो. पत्रात मोजकं असावं: तुमच्या रक्ताच्या नात्यातल्या एकाला आनुवंशिक कोलेस्टेरॉल सापडलं आहे, गोळीआधी त्याचं एलडीएल इतकं होतं, तुम्ही एलडीएल आणि एलपी-ए तपासून घ्या, त्यासाठी उपाशीपोटी जायची गरज नाही, आणि हे पत्र तुमच्या डॉक्टरांना दाखवा. सीमाभागातली माणसं कुणी बेळगावात दाखवतात, कुणी मिरजेला, कुणी कोल्हापूरला, कुणी बांबोळीला. फायली कुठेच एकत्र येत नाहीत. म्हणून पत्रात आकडा आणि एकक लिहिलेलं असणं फार गरजेचं. घरात मराठी बोलणाऱ्यालाही सरकारी दवाखान्यातला कागद कन्नडमध्ये मिळू शकतो, आणि चंदगडच्या डॉक्टरला तो वाचता येईलच असं नाही. रिपोर्टाचा फोटो मोबाइलवर सोबत ठेवावा, आकडा कुठल्याही भाषेत वाचता येतो. गावची जत्रा हा सगळे एकत्र येण्याचा मोका. पण मटणाच्या जेवणावर रक्त घेतलं तर ट्रायग्लिसराइड फार चढून एलडीएलचं गणित बिघडू शकतं, म्हणून जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पाहुणे निघायच्या आत घेतलेलं बरं.

पत्र पोचतं, पण घरात एका जागी अडतं: मुलीपाशी. महादेवच्या बायकोनं पहिलं विचारलं ते गोळीबद्दल नाही, स्थळाबद्दल. ही भीती खोटी नाही आणि तिला हसण्यावारी नेऊ नये. पण तिला उत्तर आहे. २०१९ साली डच डॉक्टरांनी एफएच असलेल्या मुलांचा वीस वर्षांचा हिशेब छापला. लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या त्या मुलांपैकी ३९ वर्षांपर्यंत शंभरात एकाला हृदयविकाराचा त्रास झाला. त्यांच्याच आई-वडिलांपैकी, ज्यांना त्या वयात ही औषधं मिळाली नव्हती, शंभरात सव्वीसांना झाला होता. ज्या मुलीला वेळेवर गोळी मिळते, तिचं आयुष्य इतरांसारखं असतं. तिला स्टॅटिन आठ ते दहा वर्षांपासून पुढे कधीही देता येतं, आणि तिच्यात एलपी-एही जास्त असल्यानं मी वाट पाहायला सांगणार नाही. मुलांमध्ये एलडीएल साधारण १३५च्या खाली आणायचं उद्दिष्ट असतं. पुढे मूल हवं असेल तेव्हा ती गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं थांबवतात, आणि बाळाला पाजणं संपलं की पुन्हा सुरू करतात. चंदगडच्या बहिणीलाही हेच लागू.

मोठ्यांत पातळी आणखी खाली न्यायची. महादेवसारख्या अॅटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ५५च्या खाली हवं, म्हणजे त्याचं १४२ अजून निम्म्याहून जास्त उतरायचं आहे. स्टॅटिनसोबत इझेटिमाइब जोडतात, नाही पुरलं तर पीसीएसके९ नावाचं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं. ती महाग आहेत, पण पहिल्या दोन गोळ्या जेनेरिकमध्ये स्वस्त मिळतात आणि बहुतेकांची गाडी त्यांवरच बरीच पुढे जाते. एलपी-ए उतरवायला खास औषधांच्या मोठ्या चाचण्या चालल्या आहेत. तोवर गोव्यातल्या भावाला काय करायचं? त्याच्या एलपी-एला हात लावता येत नाही, म्हणून बाकीचं सगळं आवळायचं. एलडीएल १२६ आहे ते गोळीनं खाली आणायचं, बीपी वर्षातून एकदा मोजायचं, सिगारेट असेल तर सोडायची. एलपी-ए पुन्हा पुन्हा तपासून पैसे घालवायचे नाहीत.

एक अडचण राहते. काकाचे दोन मुलगे पुण्याला आहेत, तिशीचे. काका म्हणतो, पोरांना सांगू नका, घाबरतील. त्याच्या मनाविरुद्ध त्याचा आकडा कुणी मुलांना सांगायचा नाही. पण मुलांचा महादेवशी रक्ताचा संबंध आहे, आणि महादेवचा आकडा महादेव सांगू शकतो. त्यानं त्या दोघा चुलतभावांना आपलंच पत्र पाठवलं, तर त्यात काकाचं नाव येत नाही आणि दोघांना तपासणीचं कारण मिळतं. मधला दुवा गप्प राहिला तरी साखळी अशी त्याच्या बाजूनं पुढे नेता येते. दोघांचं एलडीएल १९०च्या खाली आलं तर एफएच बहुधा नाही, आणि वर आलं तर त्यांच्या मुलांचं रक्त त्यांच्या नवव्या-दहाव्या वर्षी.